आमंत्रण किती आठवडे आधी?

आमंत्रण किती आधी द्यावे याचे उत्तर यजमानाच्या घरी सापडत नाही, ते पाहुण्याच्या घरी सापडते. यायचे तर त्याला काय काय करावे लागेल, हे पाहिले की आठवड्यांचा आकडा आपोआप पुढे येतो. मागच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला कपडे बदलून निघायचे असते. नागपूरहून सांगलीला येणाऱ्याला रजा मंजूर करून घ्यायची असते, रेल्वेचे तिकीट काढायचे असते, घरी अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ कोण थांबणार हे ठरवायचे असते. परदेशातल्या भावाला वर्षाची रजाच त्या तारखेभोवती बांधायची असते. म्हणून एकाच लग्नाचे आमंत्रण निरनिराळ्या घरी निरनिराळ्या वेळी जाते आणि तसेच जायला हवे. सगळ्यांना एकाच दिवशी कळवणे वरवर न्यायाचे वाटते. प्रत्यक्षात लांबच्यांना ते उशिरा कळते आणि जवळचे तोवर विसरून जातात.

हिशेब कार्याच्या दिवसापासून मागे मोजत करायचा. पाहुण्याच्या कामांपैकी ज्याला सर्वात जास्त दिवस लागतात ते काम पकडायचे, त्याच्या आधी विचार करायला आठवडाभराची मोकळीक ठेवायची आणि तिथे आमंत्रणाची तारीख लिहायची. याला एकच अडसर असतो. यजमानाची स्वतःची तारीख पक्की होईपर्यंत कोणालाच काही सांगता येत नाही. लग्नात हा अडसर लवकर दूर होतो, बारशात तो शेवटपर्यंत पिच्छा पुरवतो, आणि साध्या जेवणाच्या बोलावण्यात तो जवळजवळ नसतोच.

लग्नाची तारीख मराठी घरात पंचांग आणि कार्यालय या दोघांच्या संमतीने ठरते. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात बरेच लोक लग्न करत नाहीत. गुरू किंवा शुक्र अस्तंगत असला की मुहूर्त थांबतात. तुळशीची लग्ने लागली की माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते आणि मुहूर्ताचे दिवस मोजके असल्याने एकेका दिवशी गावातली सगळी कार्यालये भरलेली असतात. पाहुण्याच्या बाजूने याचा अर्थ असा, की त्याच दिवशी त्याला दोन-तीन लग्ने असू शकतात. अशा वेळी नाते सारखेच असेल तर ज्याची तारीख आधी कळली त्याच्याकडे माणूस जातो. तारीख लवकर कळवण्याचे हे एक कारण पुष्कळ यजमानांच्या ध्यानात येत नाही. पत्रिका छापून आल्यावर ते सावकाश निघतात आणि 'अहो, त्या दिवशी पुतणीचे लग्न आहे' हे उत्तर घरोघर ऐकतात.

इथे तारीख कळवणे आणि आमंत्रण देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट समजून घेतले पाहिजे. तारीख फोनवर कळवता येते. 'चौदा फेब्रुवारीला, सांगलीत, दिवस मोकळा ठेवा' एवढे एक वाक्य पुरते. आमंत्रण मात्र पत्रिका, हळदकुंकू आणि अक्षता घेऊन घरी जाऊन द्यायचे असते. ज्यांच्याकडे जाणे शक्य नाही त्यांना पत्रिका पाठवून वर आग्रहाचा फोन करायचा असतो. पहिल्याला घाई हवी, दुसऱ्याला सवड हवी. एकाने दुसऱ्याचे काम भागवायला गेले की बिघडते. सहा महिने आधी मोबाइलवर पाठवलेल्या पत्रिकेच्या चित्रावर समाधान मानले, तर लग्न जवळ आल्यावर थोरल्या काकू म्हणतात, 'आम्हाला आमंत्रण कुठे आहे?' आणि त्यांचे म्हणणे खरे असते. उलट, हाती पत्रिका देईपर्यंत तारीखच सांगितली नाही, तर लांबच्या माणसाच्या हातात आमंत्रण असते पण तिकीट नसते.

उदाहरणासाठी सांगलीतले एक लग्न घेता येईल. मुलीकडची बाजू, १४ फेब्रुवारी, रविवार, अंदाजे सहाशे पाने. ऑगस्टच्या मध्यावर कार्यालय मिळाले आणि विसाराची पावती हातात आली. तारीख पक्की झाली ती या क्षणी. मुहूर्त निघाला तेव्हा ती नुसती ठरली होती. पावतीच्या आधी बाहेर कोणाला काही सांगू नये, कारण पंचांगात मुहूर्त असून कार्यालय न मिळाल्याने आठवडाभर पुढे गेलेली लग्ने गावोगाव असतात.

पावती मिळाली त्या आठवड्यात दोन फोन जातात. एक बोस्टनला मुलीच्या चुलत भावाला, दुसरा तिच्या मामांना. भावाला सव्वीस आठवडे आधी कळवण्याचे कारण त्याची रजा आणि विमानाचे भाडे. मामा तर कोल्हापुरातच राहतात, त्यांना यायला तासाभराची गाडी पुरते. तरीही त्यांना पहिल्या दिवशी सांगायचे, कारण मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या पाठीशी मामा उभे राहतात. ज्याच्यावाचून विधी अडतो त्याला बातमी दुसऱ्याकडून कळणे बरे दिसत नाही. अंतराबरोबर मानही मोजायचा असतो. आत्या, मावश्या, थोरले काका यांना तारीख कळल्याशिवाय ती कोणत्याही ग्रुपवर टाकू नये. पूर्वी बातमी पायी चालायची, तेव्हा हा क्रम आपोआप पाळला जाई. आता एका क्षणात दीडशे जणांना कळते आणि मावशीला ते शेजारणीकडून कळते. म्हणून हा क्रम हल्ली मुद्दाम सांभाळावा लागतो.

पुढचा टप्पा नागपूरच्या मंडळींचा. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस त्यांना थेट सांगलीला आणते, पण त्यासाठी पूर्ण एक रात्र गाडीत जाते. शनिवारी पोचायचे तर शुक्रवारी, १२ फेब्रुवारीला निघावे लागते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली, आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. १२ फेब्रुवारीपासून साठ दिवस मागे गेले की १४ डिसेंबर येतो. त्या दिवशी सकाळी आठ वाजता आरक्षण उघडते. लग्नसराईत अकरा जणांना एका डब्यात जागा हवी असेल, तर त्याच सकाळी बसून तिकिटे काढायला हवीत. परतीचे १५ तारखेचे तिकीट १७ डिसेंबरला उघडते. ही दोन कामे व्हायची तर कोण येणार, किती जण येणार, कोणाला रजा मिळते हे घरात आठवडाभर आधी बोलून झाले पाहिजे. म्हणजे नागपूरला फोन ६ डिसेंबरच्या रविवारी जायला हवा. तो रविवार लग्नाच्या बरोबर दहा आठवडे आधीचा आहे.

दहा आठवडे हा आकडा असा मिळतो. आरक्षणाचे साठ दिवस, म्हणजे साडेआठ आठवडे, आणि वर घरात विचार करायला थोडा वेळ. रेल्वेची मुदत १२० दिवस होती तेव्हा हाच हिशेब अठरा-एकोणीस आठवड्यांवर जात असे. त्या काळी शिकलेला 'चार-साडेचार महिने आधी कळवा' हा सल्ला थोरली मंडळी अजून देतात. तो सल्ला त्यांच्या वेळी बरोबर होता. मुदत बदलली की आमंत्रणाची तारीखही बदलते, म्हणून ऐकीव आकडा न घेता त्या वर्षीचा नियम पाहावा. पुणे-मुंबईच्या लोकांना बस आणि स्वतःची गाडी यांचा आधार असतो, त्यामुळे त्यांना सहा-सात आठवडे पुरतात.

फेब्रुवारीतल्या लग्नाला एक अडचण अशी आहे, की ती कितीही आधी कळवून सुटत नाही. बारावी-दहावीच्या बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. ज्या घरात बारावीचे मूल आहे त्या घरातून एकच माणूस येतो किंवा कोणी येत नाही. त्यांना दोनदा आग्रह करून संकोचात टाकू नये. पानांच्या यादीत त्यांच्यापुढे एकच आकडा लिहावा.

आता पत्रिका. मजकूर २० डिसेंबरपर्यंत पक्का करून छापखान्यात दिला, तर नमुना तपासणे, एखादी दुरुस्ती आणि छपाई धरून ३ जानेवारीला गठ्ठा घरी येतो. लग्नाला सहा आठवडे असतात. नमुना दोघांनी वेगवेगळा वाचावा. त्यांतल्या एकाने फक्त तारीख, वार, मुहूर्ताचे तास-मिनिटे आणि कार्यालयाचा पत्ता एवढेच तपासावे. नावे सगळेच वाचतात, वार कोणी वाचत नाही. तारीख १४ आणि वार शनिवार असे छापले गेले की सहाशे पत्रिकांवर हाताने दुरुस्ती करत बसावे लागते, आणि तरीही पंधरा-वीस घरी चुकीची गेलेली असते.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात, मग कुलदैवताला आणि ग्रामदैवताला. सांगलीत ती गणपतीच्या मंदिरात जाते. त्यानंतर बाहेरगावच्या पत्रिका कुरियरने सुटतात आणि गावातल्या घरांची फेरी सुरू होते.

या फेरीचे गणित घरोघरी चुकते, म्हणून ते सविस्तर मांडण्यासारखे आहे. गावात नव्वद घरी स्वतः जायचे आहे. घरात शिरून कुंकू लावले, अक्षता आणि पत्रिका दिली आणि लगेच उठले, असे होत नाही. चहा होतो, 'मुलगा काय करतो' हे विचारले जाते, मुलीचा फोटो दाखवला जातो. एका घरी अर्धा-पाऊण तास आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला, तर एका दिवसात सात घरे होतात. आठवी गाठायला गेले की रात्री साडेनऊला दार वाजवावे लागते. नोकरी करणाऱ्या घरात फक्त शनिवार-रविवार मोकळे असतात, म्हणजे आठवड्याला चौदा घरे. एकाच जोडप्याने सगळीकडे जायचे ठरवले, तर नव्वद घरांना साडेसहा आठवडे लागतील आणि लग्न येऊन ठेपेल. म्हणून आई-वडील एकीकडे आणि काका-काकू दुसरीकडे अशा दोन जोड्या कराव्या लागतात. मग आठवड्याला अठ्ठावीस घरे होतात आणि ९ जानेवारीच्या शनिवारी सुरू केलेली फेरी तीन आठवड्यांच्या थोडी पुढे जाते. ३० आणि ३१ जानेवारी हे दोन दिवस उरलेल्या सहा घरांसाठी आणि पहिल्या फेरीत ज्यांच्या दाराला कुलूप होते त्यांच्यासाठी राहतात. फेब्रुवारीचा पहिला शनिवार-रविवार या कामासाठी धरायचाच नाही. त्या दिवसांवर केळवणे, खरेदी आणि घरी उतरलेले पाहुणे यांचा हक्क असतो.

गावातल्या घरांना दोन ते पाच आठवडे आधी आमंत्रण मिळते ते असे. पाच आठवडे आधी आमंत्रण मिळणे ही त्यांची गरज नसते. यजमानाला एवढ्या घरी जायला तेवढे दिवस लागतात, इतकेच. म्हणून फेरीचा क्रम विचारपूर्वक लावावा. ज्या घरी केळवण व्हायचे आहे ती घरे पहिल्या शनिवार-रविवारी घ्यावीत. केळवण करणाऱ्याला नवरीच्या सोयीचा दिवस मागायचा असतो, साडी-खणाची तयारी करायची असते, आणि देवक बसल्यावर नवरी घराबाहेर जात नाही, त्यामुळे त्याच्याकडे मोजकेच दिवस असतात. केळवणाची आस असलेल्या मावशीला लग्नाआधी आठच दिवस पत्रिका मिळाली, तर तिची हौस राहून जाते आणि ती रुखरुख पुढे कित्येक वर्षे बोलून दाखवली जाते. शेजारी आणि जवळपासचे परिचित शेवटी घेतले तरी चालते. कार्यालयातल्या सहकाऱ्यांना दहा-बारा दिवस पुरतात. जानेवारीत संक्रांतीची हळदकुंकवे चालू असतात आणि तिथे पंचवीस बायका एका जागी भेटतात. तिथे बातमी सांगावी, पण तिथल्या तिथे पत्रिका वाटून मोकळे होऊ नये. एकीच्या घरच्या कार्यात दिलेले दुसऱ्या कार्याचे आमंत्रण तोंडदेखले ठरते.

फार आधी दिलेल्या पत्रिकेचेही नुकसान होते. तीन महिने आधी आलेली पत्रिका कालनिर्णयाच्या मागे अडकवली जाते आणि महिना उलटताना पानाबरोबर नजरेआड होते. मधल्या काळात घरात मृत्यू होऊन सुतक येऊ शकते, कार्यालय बदलू शकते, आणि मग प्रत्येक घरी दुसरा निरोप द्यावा लागतो. अंतर बरोबर आहे की नाही हे पाहुण्यांच्या प्रश्नांवरून ओळखता येते. 'पत्रिका कधी देताय?' असे लोक आपणहून विचारू लागले तर उशीर होतो आहे. पत्रिका मिळूनही 'तारीख तीच आहे ना?' असे विचारू लागले, तर ती फार आधी गेली आहे आणि आठवणीचा फोन करायला हवा.

हा फोन मराठी लग्नात टाळता येत नाही, कारण पत्रिकेवर 'सहकुटुंब, सहपरिवार' असते आणि येणार की नाही हे कळवण्याची आपल्याकडे पद्धत नाही. आचाऱ्याला मात्र आकडा लागतो. बहुतेक केटरर तीन-चार दिवस आधी पानांचा शेवटचा आकडा मागतात आणि त्यापेक्षा कमी लोक आले तरी पैसे त्याच आकड्याचे घेतात. सांगलीच्या लग्नात तो आकडा बुधवारी, १० तारखेला द्यायचा आहे. म्हणून सोमवार-मंगळवारी घरातल्या दोघांनी यादी वाटून घेऊन फोन करायचे. 'येताय ना?' असे विचारले की सगळे 'हो हो, नक्की' म्हणतात. 'किती जण येताय, किती वाजता निघणार, गाडी पाठवू का' असे विचारले की खरा आकडा मिळतो. शिवाय पाहुण्याला ती आस्था वाटते, आणि ती असतेच.

बारशाचा हिशेब उलटा चालतो. लग्नात दिवस आधी ठरतो आणि माणसे त्याभोवती जमतात. बारशात ज्याच्यासाठी कार्य आहे ते बाळ कोणत्या दिवशी जन्माला येईल हेच कोणाला माहीत नसते. डॉक्टरांनी दिलेली तारीख हा चाळीस आठवड्यांचा अंदाज असतो. सदतीस आठवडे पूर्ण झाल्यावर कधीही झालेला जन्म वेळेवरचाच मानतात. त्या अंदाजावर बारशाची तारीख बेतून आधीच माणसे बोलावणे बरोबर नाही. घरातली वडीलधारी माणसे जन्माआधी बोलावणे करू नये म्हणतात, त्यामागे श्रद्धा आहेच, पण व्यवहारानेही तेच सांगितले असते.

बारसे बाराव्या दिवशी करायचे की सव्वा महिन्यानंतर, यावर सगळे अवलंबून असते. बाराव्या दिवसाचे बारसे घरगुतीच ठेवावे लागते. समजा बाळ ५ जानेवारीला, मंगळवारी जन्मले. जन्माचा दिवस पहिला धरला की बारावा दिवस १६ जानेवारी, शनिवार. सोयर दहा दिवसांचे, ते संपलेले असते. पण मधल्या दिवसांत काय होते ते पाहावे. प्रसूती शस्त्रक्रियेने झाली असेल तर आई चार-पाच दिवस दवाखान्यात असते. नवजात बाळांना होणारी कावीळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास वाढते, आणि वाढली तर घरी आलेल्या बाळालाही पुन्हा निळ्या दिव्याखाली ठेवावे लागते. म्हणून साधारण सातव्या दिवशी, सोमवारी ११ तारखेला, आई घरी आणि बाळ ठणठणीत असे दिसले की मगच फोन करायचे. हातात पाचच दिवस उरतात. पाच दिवसांत नागपूरहून कोणी येऊ शकत नाही, आणि ते त्यांनाही ठाऊक असते. त्यांना 'नुसते घरच्या घरी नाव ठेवतोय, मोठे बारसे नंतर करू' असे सांगितले की त्यांच्या मनात काही राहत नाही. न सांगता फोटो पाठवले तर राहते.

मोठे बारसे सव्वा महिन्यानंतर करायचे असेल, तर दिवस निवडताना बाळाचे लसीकरण पाहावे. सहाव्या आठवड्याच्या लसींनंतर एक-दोन दिवस ताप येणे, मांडी दुखणे, बाळाने रडून घर डोक्यावर घेणे हे नेहमीचे आहे. ५ जानेवारीच्या बाळाला सहा आठवडे १६ फेब्रुवारीला पूर्ण होतात आणि दहाव्या आठवड्याची लस १६ मार्चला येते. पाळण्यात घालायचे, कुंची घालायची, पंचवीस बायकांनी हाताळायचे, त्या दिवशी बाळ तापलेले नको. लस एखाद-दोन दिवस पुढेमागे होऊ शकते, तेही धरावे. म्हणून १७-१८ फेब्रुवारी टाळून २८ फेब्रुवारीचा रविवार सोयीचा पडतो. दोन्ही लसींपासून तो पुरेसा लांब आहे.

पण हा रविवार पक्का करण्याआधी एका व्यक्तीला विचारावे लागते, ती म्हणजे आत्या. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान तिचा. ती मुंबईत असो की मेलबर्नमध्ये, आधी तिचे दिवस पाहायचे आणि मग तारीख ठरवायची. इतर पाहुणे तारखेप्रमाणे येतात, इथे तारीख आत्याप्रमाणे ठरते. परदेशातल्या आत्याला जन्माआधीच 'फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये' असा मोघम काळ सांगून ठेवता येतो. त्याला कोणी आमंत्रण म्हणणार नाही, पण तिला रजेचा अर्ज करता येतो. तिला येणे जमणारच नसेल, तर बाळाची दुसरी कोणी आत्या किंवा चुलत आत्या नाव सांगते आणि खरी आत्या व्हिडिओ कॉलवर असते. पण हे तिच्याशी बोलूनच ठरवावे.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने आणखी एक गुंता होतो. बारसे मुलीच्या आईवडिलांच्या घरी असते आणि पाहुण्यांपैकी निम्मे सासरकडचे असतात. आजी-आजोबांनी थेट त्या नातेवाइकांना फोन करायचे नसतात. याद्या सासरी जातात, तिथून बोलावणी होतात आणि आकडा परत माहेरी येतो. या फेरीला सहज आठवडा लागतो. म्हणून वर म्हटलेल्या बारशासाठी ३१ जानेवारीच्या सुमारास, चार आठवडे आधी, दोन्ही घरांनी तारीख आणि यादी ठरवावी आणि ७ फेब्रुवारीपासून, तीन आठवडे राहिले असताना, बोलावणी सुरू करावीत. त्याआधी सुरू करू नये. एवढ्या लहान बाळाला सर्दी झाली किंवा आईला ताप आला, तर कार्यक्रम पुढे ढकलावा लागतो, आणि बोलावणे जितके जुने तितका पुढे ढकलल्याचा निरोप जड जातो. पाहुण्याला तिकीट वेळेत मिळावे आणि बाळाची तब्येतही डोळ्यांपुढे असावी, या दोन्ही गोष्टी तीन आठवड्यांत बसतात. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल आणि काचेच्या पेटीतून घरी आले असेल, तर डॉक्टरांनी माणसांत न्यायला हरकत नाही असे म्हटल्याशिवाय तारीख काढूच नये.

बारशाला छापील पत्रिका लागत नाही, फोन आणि एक सुबक संदेश पुरतो. वेळ मात्र स्पष्ट सांगावी. 'दुपारी चारला या' म्हटले तर पाळणा चारला आहे की साडेपाचला, हे येणाऱ्याला कळत नाही. आणि बाळ सहसा या दोन्हींच्या मधल्या वेळी झोपते.

साध्या जेवणाचे बोलावणे याहून सुटसुटीत. शनिवारी रात्री दोन कुटुंबांना घरी जेवायला बोलवायचे असेल, तर आदल्या रविवारी किंवा सोमवारी विचारावे. पाच-सहा दिवस पुरेसे असतात. लहान मुले असलेल्या घराला दहा दिवस दिले तर बरे, कारण त्यांचे शनिवार क्लास आणि वाढदिवसांनी आधीच भरलेले असतात. तीन आठवडे आधी बोलावले तर पाहुणा हमखास विचारतो, 'काही विशेष आहे का?' आणि मिठाईचा पुडा आणि मुलांसाठी भेटी घेऊन येतो. गप्पा मारायला बोलावलेल्या जेवणाचा समारंभ होऊन बसतो. आदल्या संध्याकाळी विचारले तर फक्त त्यांनाच विचारावे जे मोकळेपणाने 'आज नको' म्हणू शकतात.

दिवस विचारण्याआधी पंचांग पाहावे. शनिवारचा किंवा गुरुवारचा उपास, एकादशी, श्रावणात मांसाहार न करणे, हे पाहुण्याने बोलून दाखवण्याआधी यजमानाला ठाऊक असावे. संकष्टीला बोलावले तर चंद्रोदयाची वेळ पाहावी लागते. तो बऱ्याचदा रात्री नऊच्या पुढे असतो आणि उपास करणारा त्याआधी पानावर बसत नाही. कोकणात आणि गोव्यात माशांसाठी बोलावताना १ जून ते ३१ जुलै ही बंदी लक्षात ठेवावी. त्या काळात ताज्या माशांचे वचन देऊ नये.

या बोलावण्याची मुदत खरे तर स्वयंपाकघर ठरवते. वालाचे बिरडे करायचे असेल तर आठ माणसांना अर्धा किलो कडवे वाल लागतात. ते गुरुवारी सकाळी भिजत घालायचे, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, शुक्रवारभर मोड येऊ द्यायचे. शनिवारी सकाळी कोमट पाण्यात टाकून एकेक वाल बोटांनी दाबून सोलायचा. सालीतून डाळिंबी अखंड निसटली तर मोड नीट आले असे समजावे. म्हणजे आठ माणसे येणार की चार, हे बुधवारी रात्रीपर्यंत कळायला हवे. सोमवारी विचारले असेल तर पाहुण्याला घरी बोलून उत्तर द्यायला दोन दिवस मिळतात आणि यजमानाला वाल मोजायला वेळ मिळतो. शुक्रवारी संध्याकाळी 'उद्या आठ वाजता' एवढा एक निरोप पाठवावा. शनिवारी सकाळी एखाद्या कुटुंबाला येणे अशक्य झाले, तर त्यांच्या वाटणीच्या सोललेल्या डाळिंब्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवाव्यात. दोन दिवस त्या चांगल्या राहतात.